टोटल सोड, खालच्या ओळी वाच

बाळा, लिपिड प्रोफाइलचा कागद हातात आला की आपल्याकडची माणसं पहिली नजर टाकतात ती टोटलवर. आकडा दोनशेच्या आत असला तर संध्याकाळी बांगडे तळायला मोकळे, वर गेला तर पंधरा दिवस घरात तुपाचं नाव काढायचं नाही. माझी उमर पेणमध्ये रक्ताच्या नळ्या आणि रिपोर्टांच्या ढिगात गेली. काउंटरवर सगळ्यात जास्त ऐकलेला प्रश्न एकच, “काका, चरबी वाढलीय का?” चरबी कोणती, हे मात्र कोणी विचारत नाही. कोणती ते कळल्याशिवाय ताटातलं काय हलवायचं तेही कळत नाही. म्हणून हे चार शब्द तुझ्यासाठी. रागावू नको, पटलं नाही तर भांड.

रक्त द्यायला जाण्याआधी

१. हळदीच्या दुसऱ्या दिवशी किंवा गटारीच्या आठवड्यात रक्त द्यायला जाऊ नको, मागचे तीन दिवस तरी कोरडे जाऊ दे — दारू पोटात गेली की यकृत ट्रायग्लिसराइड बनवायला लागतं, आणि मग रिपोर्टात तुझी तब्येत कमी, हळदच जास्त दिसते.

२. रात्री साडेआठला जेवून सकाळी साडेआठला रक्त दे, मधे फक्त पाणी. बिनसाखरेचा का होईना, चहा नको — ट्रायग्लिसराइड जेवणानंतर काही तास चढलेलं असतं. टोटल आणि एचडीएल जेवणाने फारसे हलत नाहीत, म्हणून पहिल्या तपासणीला उपाशी असायलाच हवं असं हल्ली डॉक्टर म्हणत नाहीत. पण ट्रायग्लिसराइड एकदा जास्त निघालं असेल तर उपाशीपोटी परत करावं.

३. तपासणीच्या आदल्या दोन दिवसांत साधू होऊ नको, रोज जेवतोस तसंच जेव — तुला रिपोर्ट हवाय तो तुझ्या रोजच्या ताटाचा. दोन दिवस काकड्या खाऊन आकडे सजवलेस तर फसणार तूच.

४. पावसाळ्यात डेंग्यू, लेप्टो किंवा नुसता मोठा ताप येऊन गेला असेल तर तीन-चार आठवडे थांब — आजारपणात एलडीएल खाली जातं आणि ट्रायग्लिसराइड वर. त्या आकड्यांवर ना खूश व्हावं, ना रडावं.

कागदावरच्या ओळी

५. कोलेस्टेरॉल एकच असतं. चांगलं आणि वाईट ही त्याला वाहून नेणाऱ्या गाड्यांची नावं आहेत. पेणच्या बाजारातून माल भरून गावोगाव जाणारा टेम्पो म्हणजे एलडीएल. असे टेम्पो फार झाले की माल रक्तवाहिनीच्या कडेला सांडतो आणि तिथेच साचत जातो. उरलेला माल गोळा करून यकृताकडे परत आणणारा टेम्पो म्हणजे एचडीएल. मालाला नावं ठेवू नको — शरीराच्या प्रत्येक पेशीला तो लागतो, आणि बराचसा माल आपलं यकृतच बनवतं.

६. ट्रायग्लिसराइड हे कोलेस्टेरॉल नव्हेच, ती साठवणीची चरबी आहे. भात, साखर, मैदा, दारू यांतून गरजेपेक्षा जास्त आलेलं यकृत चरबीत बदलतं आणि व्हीएलडीएल नावाच्या गाडीत भरून रक्तात सोडतं — म्हणून तेलाचा थेंब न खाणाऱ्याचंही ट्रायग्लिसराइड तीनशे निघतं, आणि तो बिचारा तेलालाच दोष देत बसतो.

७. हे आकडे कुठेतरी लिहून ठेव, सगळे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये. ट्रायग्लिसराइड १५० च्या आत बरं, २०० च्या वर जास्त, ५०० च्या वर तातडीचं. एचडीएल पुरुषाचं ४० च्या आणि बाईचं ५० च्या खाली गेलं की कमी. एलडीएल धडधाकट माणसाचं १०० च्या आत असावं, १६० ला नक्कीच जास्त, १९० ला डॉक्टरकडे जायला उशीर नको. लंडनचा भाऊ आपलं टोटल ५.२ सांगायला लागला तर हसू नको — तिकडचं माप वेगळं आहे, ५.२ म्हणजे आपले साधारण २०० च.

८. एलडीएल बहुतेक वेळा मोजलेलं नसतं, हिशेबाने काढलेलं असतं. टोटलमधून एचडीएल वजा करायचं, मग ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करायचा, उरलं ते एलडीएल. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की हा हिशेब धरू नको — पाचव्या भागाचं गणित तिथे बसत नाही. लॅबला ‘डायरेक्ट एलडीएल’ करायला सांग.

९. कागदावर छापलेला नसला तरी एक आकडा स्वतः काढ. टोटल वजा एचडीएल, याला नॉन-एचडीएल म्हणतात, आणि धडधाकट माणसाचं ते १३० च्या आत असावं — रक्तवाहिनीच्या कडेला माल सांडणाऱ्या सगळ्या गाड्या त्यात एकत्र मोजल्या जातात, त्यात लपाछपी चालत नाही.

१०. टोटल बघून झोप उडवू नको आणि टोटल बघून झोपूही नको. आयसीएमआरच्या ‘इंडियाब’ पाहणीत महाराष्ट्रही होता. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या आकड्यांत शंभरातल्या सुमारे ७२ जणांचं एचडीएल कमी होतं, तीसेक जणांचं ट्रायग्लिसराइड जास्त होतं, आणि टोटल जास्त असलेले मात्र जेमतेम चौदा — आपल्या लोकांचा बिघाड टोटलच्या ओळीत दिसतच नाही.

एका घरातले दोन कागद

आता हे बोटाने दाखवतो. समज, रोह्यातलं एक घर आहे. धाकटा दीर अडतीस वर्षांचा, धाटावच्या वसाहतीत शिफ्टला जातो. वहिनी एकोणपन्नासची, घरचं सगळं बघते. दोघांनी एकाच सकाळी रक्त दिलं.

दिराचा कागद: टोटल २१२, ट्रायग्लिसराइड ३२०, एचडीएल ३३. हिशेब कर. ३२० चा पाचवा भाग ६४. २१२ मधून ३३ गेले, ६४ गेले, उरले ११५. एलडीएल ११५ बघून दीर म्हणणार, “थोडंसंच आहे की!” आता नॉन-एचडीएल काढ: २१२ वजा ३३ म्हणजे १७९. हवं होतं १३० च्या आत.

वहिनीचा कागद: टोटल २३६, ट्रायग्लिसराइड १२५, एचडीएल ५१. पाचवा भाग २५. २३६ मधून ५१ आणि २५ गेले, उरले १६०. हिचं ट्रायग्लिसराइड चोख, एचडीएल काठावर का होईना पण पास, आणि एलडीएल मात्र उघड जास्त.

टोटल बघितलं तर वहिनी जास्त आजारी आणि दीर काठावर. प्रत्यक्षात दोघांचे बिघाड वेगळे आहेत, आणि दोघांना एकच पथ्य सांगितलं तर दोघांचंही नुकसान. दिराला “तूप बंद कर” म्हणून सांगायचं आणि त्याने तूप सोडून भाताचा ढीग वाढवायचा, असं मी कितीदा तरी बघितलंय. तीन महिन्यांनी त्याचं ट्रायग्लिसराइड आणखी वर, आणि घरात सगळे तुपावरच रुसलेले.

११. म्हणून आधी ओळ शोध, मग डबा बंद कर — ट्रायग्लिसराइड वाढलं तर भात, साखर आणि बाटली बघायची. एलडीएल वाढलं तर तूप, साय, खोबरं आणि बेकरी बघायची. दोन्ही वाढलं असेल तर दोन्हीकडे, उपाय नाही.

ट्रायग्लिसराइड वाढलेल्यासाठी, म्हणजे दिरासाठी

१२. पहिली बाटली, मग साखर, मग भात, या क्रमाने हात घाल — सगळ्यात लवकर हलतं ते दारूने. चहात दोन-दोन चमचे साखर आणि दिवसाचे पाच चहा, म्हणजे दहा चमचे नकळत गेले. शिफ्टमध्ये तहान भागवायला घेतलेल्या थंड पेयाच्या छोट्या बाटलीतही तीसेक ग्रॅम साखर असते.

१३. भात सोड म्हणून मी सांगणार नाही, आपल्याकडे ते ऐकणारं माणूस अजून जन्मायचंय. पहिला भात जेव, दुसरा भात मागू नको, आणि त्या जागी वालाची उसळ दुसऱ्यांदा घे — पोट भरतं तेवढंच, पण यकृताकडे जाणारी साखर कमी होते. आणि भाताच्या बदल्यात तांदळाची भाकरी खाल्लीस तर तो बदल नव्हे, तोच तांदूळ गोल थापलेला.

१४. पोहे आणि पोह्यांचे पापड-मिरगुंड ही आपल्या पेणची शान, पण तेही तांदूळच. सकाळच्या पोह्यांत मूठभर मटार, शेंगदाणे, मोड आलेले मूग टाक आणि पोह्यांची वाटी एकावर आण — कांदेपोहे आवडतात म्हणून तीन वाट्या आणि वर गोड चहा झाला की ट्रायग्लिसराइडला सकाळपासूनच कामाला लावलंस.

१५. श्रावणात उपासाच्या नावाखाली साबुदाणा, वरीचे तांदूळ आणि बटाटा यांच्यावर जगू नको — साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिठूळ पदार्थ. गटारीला वाढलेलं ट्रायग्लिसराइड श्रावणात उतरायचं, ते तिथेच मुक्काम करतं. उपास करायचाच तर ताक, फळ, मूठभर शेंगदाणे.

१६. आठवड्यातून दोनदा बांगडा किंवा तारली खा, कालवणात — या तेलकट माशांतलं ओमेगा-३ ट्रायग्लिसराइडसाठी बरं. तव्यावर रवा लावून तेलात पोहवलास तर माशाचा गुण राहिला बाजूला, तेलाचा हिशेब वाढला. ‘जिताडा पाहुण्याला, बांगडा काळजाला’ एवढं लक्षात ठेव. पाहुण्याला जिताडा वाढायला मात्र विसरू नको, खारेपाटाची अब्रू आहे ती. सुकट-बोंबील चालतील, पण बीपी असेल तर त्यातलं मीठ आठव.

१७. वजन ऐंशी असेल तर पंच्याहत्तरवर आण, साठावर नेण्याची स्वप्नं नकोत — पाच ते दहा टक्के वजन उतरलं तरी ट्रायग्लिसराइड साधारण पाचव्या हिश्शाने खाली येतं. हमरापूर-जोह्याच्या कारखान्यांत गणपतीच्या आधी माणसं रात्र-रात्र बसून रंगकाम करतात. त्यांना मी सांगतो, तासाला उठून अंगणात एक चक्कर मारा, गणपतीबाप्पा रागावत नाही.

एलडीएल वाढलेल्यासाठी, म्हणजे वहिनीसाठी

१८. सगळ्यात आधी चहाबरोबरची खारी, टोस्ट, नानकटाई आणि पाकिटातलं फरसाण बंद कर, तुपाकडे नंतर बघू — खारीचे पदर सुटतात ते वनस्पती तुपामुळे, आणि पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत ‘पामोलिन’ किंवा ‘खाद्य वनस्पती चरबी’ लिहिलेलं असतं. २०२२ पासून तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटवर सरकारने दोन टक्क्यांची मर्यादा घातली ते बरं झालं. पण त्यातली घट्ट, म्हणजे संपृक्त चरबी काही गेलेली नाही, आणि एलडीएल चढवायला ती पुरेशी आहे.

१९. साजूक तूप चमच्याने मोज, धारेने नको. एका छोट्या चमच्यात तीनेक ग्रॅम संपृक्त चरबी जाते, आणि एलडीएल वाढलेल्या माणसाने दिवसभरात सगळीकडून मिळून पंधराच्या आसपास थांबावं — म्हणजे वरणभातावरचा एक चमचा बसतो. पुरणपोळीवरची वाटी बसत नाही, ती सणालाच. म्हशीच्या दुधावरची साय मात्र वेगळी काढून ठेव, तिचं काय करायचं ते सासूबाईंना विचार.

२०. ओल्या खोबऱ्याबद्दल आपल्या माणसांचा गैरसमज फार. नारळात कोलेस्टेरॉल नसतं हे खरं, पण शंभर ग्रॅम खोबऱ्यात तीसेक ग्रॅम संपृक्त चरबी असते, आणि एलडीएल वाढवते ती चरबी — खोबरं एचडीएलही थोडं वाढवतं म्हणून लोक खूश होतात, पण एलडीएलची भरपाई त्याने होत नाही. कालवणाचं वाटण निम्मं कर, चवीला कांदा भाजून घाल.

इथे एक गंमत बघ. सोलकढी आणि कोकम सरबत, दोन्ही एकाच कोकमाची लेकरं. सोलकढीत नारळाचं दूध, म्हणजे ती वहिनीने आवरायची. सरबतात साखर, म्हणजे ते दिराने आवरायचं. आणि उकडीच्या मोदकात खोबरंही आहे, गूळही आहे, वरून तूपही, तेव्हा गणपतीत दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवू नये. मोदक खा, बाळा. दीड दिवसाच्या गणपतीने कोणाचा रिपोर्ट बिघडत नाही. मोदक दीड दिवसाचे आणि खारी वर्षभराची, बिघडवते ती खारी.

२१. अंड्यावर आणि कोलंबीवर सगळा राग काढू नको — खाण्यातल्या कोलेस्टेरॉलचा रक्तातल्या एलडीएलवर परिणाम होतो, पण संपृक्त चरबीइतका नाही, आणि कोलंबीत ती चरबी फारच थोडी. दिवसाआड एक अंडं बहुतेकांना चालतं. मधुमेह असेल किंवा स्टेंट पडलेला असेल तर डॉक्टरांना विचारून.

२२. वाल, पावटा, मूग, चवळी, भेंडी रोज कुठल्यातरी रूपात पोटात जाऊ दे, आणि डॉक्टर हो म्हणाले तर रात्री इसबगोल — त्यातला चिकट धागा आतड्यात पित्ताला धरून ठेवतो आणि शौचावाटे बाहेर नेतो. मग नवीन पित्त बनवायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घेतं. जादू नाही, पाचेक टक्क्यांचा फरक. पण औषध न घेता मिळणारे पाच टक्के कोण सोडतं? इसबगोल घेतलंस तर वर भरपूर पाणी पी, आणि बाकीच्या गोळ्यांपासून दोन तास लांब ठेव.

२३. थंडीतल्या पोपटीला कोणी नावं ठेवली तर माझ्याकडे पाठव. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटा, अंडी, कोंबडी, आणि तेलाचा थेंब नाही — शेंगांतून धागा मिळतो, अंड्या-कोंबडीतून प्रथिनं, चरबी बेताची. पोपटीत वाईट काही असेल तर मडक्याबाहेर, शेकोटीशेजारी ठेवलेल्या ग्लासात.

२४. वहिनीचं एलडीएल पथ्याने हललं नाही तर टीएसएच करून घे — थायरॉइड मंदावला की एलडीएल साचतं, आणि पन्नाशीच्या आसपासच्या बायकांत हे बरेचदा निघतं. तसंच दिराचं ट्रायग्लिसराइड उतरत नसेल तर साखरेची तपासणी करावी, मधुमेह दार ठोठावत असेल.

एचडीएलबद्दल थोडकंच

२५. एचडीएल वाढवणारा पदार्थ शोधत बसू नको. भरभर चालणं, बिडी-सिगारेट सोडणं, पोट कमी करणं एवढ्यानेच ते थोडंफार चढतं — आणि ट्रायग्लिसराइड उतरलं की एचडीएल आपोआप थोडं वर येतं, कारण दोघांचा झोका उलटसुलट असतो. एचडीएल वाढवण्याच्या गोळ्या करून बघितल्या गेल्या, आकडा वाढला, पण हार्ट अटॅक काही कमी झाले नाहीत. आजी-काकूंची मशेरीही तंबाखूच आहे, हे त्यांना तूच सांग. मी सांगितलं तर मला घरात घेणार नाहीत.

पुन्हा तपासताना

२६. पथ्य सुरू केल्यावर तीन महिन्यांनी परत रक्त दे, तेही त्याच लॅबमध्ये — ट्रायग्लिसराइड दोन-तीन आठवड्यांतच उतरायला लागतं, पण एलडीएलला वेळ लागतो. शिवाय एकाच माणसाचं ट्रायग्लिसराइड काही न करताही वीस-पंचवीस टक्के खालीवर होतं, तेव्हा १६० चं १८० झालं म्हणून कोणाशी भांडू नको.

२७. दिराचा दुसरा कागद असा येऊ शकतो: टोटल १९२, ट्रायग्लिसराइड १८०, एचडीएल ३८. पाचवा भाग ३६, म्हणजे एलडीएल ११८. “काका, एवढं करून एलडीएल तीनने वाढलंच की!” असं म्हणून तो तोंड पाडेल. त्याला नॉन-एचडीएल दाखव: १७९ होतं, १५४ झालं — ट्रायग्लिसराइड उतरताना एलडीएल जागेवर राहतं किंवा किंचित चढतं, ते अपयश नव्हे. पण १५४ अजून १३० च्या वर आहे, तेव्हा बाटलीला परत हात लावायचा नाही.

२८. वहिनीचा दुसरा कागद: टोटल २१४, ट्रायग्लिसराइड १२०, एचडीएल ५१, म्हणजे एलडीएल १३९. १६० चं १३९ हे पथ्याने मिळालेलं चांगलं यश. तरीही तिला बीपी किंवा मधुमेह असेल, माहेरी कमी वयात हार्ट अटॅक आलेले असतील, तर डॉक्टर गोळी सुचवतील, आणि ती घ्यावी — यकृत बनवतं त्या कोलेस्टेरॉलला पथ्याचा हात पुरत नाही, गोळीचा पुरतो.

२९. रिपोर्टावर ‘हाय’चा शिक्का नाही म्हणजे तू सुरक्षित, असं समजू नको. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ साली जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यांत जास्त धोक्याच्या माणसासाठी एलडीएल ७० च्या आत सांगितलंय, आणि अटॅक येऊन गेलेल्यासारख्या फार धोक्याच्या माणसासाठी ५५ च्या आत — लॅबचा छापील आकडा सगळ्यांना एकच असतो, त्याला तुझा स्टेंट माहीत नसतो. ९८ बघून पेढे वाटणारा स्टेंटवाला मी पाहिलाय.

३०. आकडे सुधारले म्हणून गोळी स्वतःहून बंद करू नको — आकडे सुधारलेत ते गोळी चालू आहे म्हणून. अंग दुखत असेल तर डॉक्टरांना सांग, ते डोस बदलतील किंवा गोळी बदलतील. शेजाऱ्याची गोळी मात्र घेऊ नको, आणि बाळंतपणाचा विचार असेल तर ही गोळी चालू असल्याचं आधी सांग.

३१. ट्रायग्लिसराइड ५०० च्या पुढे गेलं तर तीन महिने पथ्य करून बघू असं म्हणू नको, त्याच आठवड्यात डॉक्टरला दाखव. हजाराच्या वर असेल, किंवा बेंबीच्या वर सुरू होऊन पाठीत जाणारी जोराची कळ आणि उलट्या असतील, तर अॅसिडिटीची गोळी घेऊन रात्र काढू नको, तडक दवाखाना गाठ — तिथे धोका हृदयापेक्षा आधी स्वादुपिंडाला असतो.

३२. आणि एलडीएल १९० च्या वर निघालं, किंवा घरात पन्नाशीच्या आत कोणाला अटॅक आलेला असला, तर तुझ्या एकट्याचा रिपोर्ट करून थांबू नको. सख्खी भावंडं आणि पोरं यांचंही रक्त तपास, पोरगं शाळेत असलं तरी — ही चरबी कधी कधी ताटातून येत नाही, आईबापाकडून येते, आणि सडपातळ पोराच्या अंगावर ती दिसत नाही. पोराला सुईची भीती वाटत असेल तर शनिवारी सकाळी माझ्याकडे घेऊन ये, लॅबमध्ये मी येतो बरोबर.